पोईवरचा कोंडा

प्रश्न: मी डिचोली तालुक्यातला. एक कथा लिहिली आहे. नववीतल्या सोहमला वाटतं की बाबा रात्री ट्रकच्या भाड्याला जातात. एका रात्री तो सायकलने त्यांच्या मागे जातो, तेव्हा कळतं की ते एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत आणि त्याच पैशांतून त्याची शाळेची फी जाते. शेवटी तो बाबांना मिठी मारून रडतो. वाचणारे सगळे म्हणतात, "चांगली आहे, पण दुसऱ्या पानावरच कळलं." शेवटही खोटा वाटतो म्हणतात. कथा गोव्यातलीच ठेवायची आहे. काय बदलू?

उत्तर:

तुमची कथा दोनदा वाचली. दिवाळी अंकांसाठी आलेल्या कथा वाचण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली आणि बापाच्या लपवलेल्या कामाची कथा दरवर्षी एखादी तरी येतेच. त्यातल्या बऱ्याच कथा जिथे अडतात तिथेच तुमचीही अडली आहे. कथेचा सगळा भार तुम्ही "बाबा रात्री काय करतात" या एका प्रश्नावर टाकला आहे. वाचक ते ओळखतोच, कारण रात्री चोरून जाणारा बाप कष्टाचं काम करत असणार हे त्याला ठाऊक असतं. म्हणून काम काय आहे ते वाचकाला पहिल्याच पानावर सांगून टाका आणि फक्त सोहमला सांगू नका. असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो, पण त्याआधी दोन व्यावहारिक गोष्टी मिटवू, कारण गोव्यातला वाचक तिथेच थबकेल.

पहिली फीची. आपल्याकडची बहुतेक हायस्कुलं अनुदानित. नववीतल्या मुलाच्या फीसाठी बापाने रात्रीचं काम धरावं एवढी फी तिथे नसते, आणि सरकारी मराठी प्राथमिक शाळेत तर हा प्रश्नच येत नाही. तेव्हा सोहम विनाअनुदानित शाळेत आहे हे कथेत यायला हवं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो तिथे कसा पोचला तेही यायला हवं. उत्तर तुमच्याच तालुक्यात आहे. 2010-11 मध्ये डिचोली, साखळी, सत्तरी भागात ज्याच्या दारात ट्रक होता त्याच्या हातात पैसा होता. कर्ज काढून घेतलेले टिपर खाणीवरून मांडवीकाठच्या जेटीपर्यंत दिवसभर खेपा मारत होते. त्या दिवसांत कुणी मुलाला गावच्या मराठी शाळेतून काढून शहरातल्या खासगी शाळेत घातलं असेल तर त्यात नवल नाही. मग सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं आणि ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. एप्रिल 2014 पर्यंत कोर्टाची बंदी उठली नाही. ट्रक उभे राहिले आणि हप्ते चालूच राहिले. फीही चालूच राहिली. तुमची कथा 2013 च्या पावसाळ्यात ठेवली की हे सगळं एका परिच्छेदात बसतं. बरकतीच्या काळात घेतलेला एक निर्णय बापाला आता निभवायचा आहे. मुलाला परत गावच्या शाळेत आणणं म्हणजे ट्रक पुन्हा चालणार नाही हे वाड्यासमोर कबूल करणं. लपवण्याचं पहिलं कारण इथे मिळतं, आणि तुमच्या मसुद्यात नेमकं तेच नाही.

दुसरी गोष्ट सायकलवरून पाठलागाची. बाबा स्कूटरने जाणार. चढ-उताराच्या रस्त्यावर, पावसात, दिव्याशिवाय एक मुलगा सायकलने स्कूटरच्या मागे तीन किलोमीटर जाईल आणि बापाला पत्ता लागणार नाही, हे पटत नाही. तो पाठलाग काढून टाका. त्याची गरजही उरणार नाही.

आता मुख्य मुद्दा. मी असतो तर वॉचमनची नोकरी टाकून देणार नाही, ती बाबांची थाप म्हणून वापरेन. 2013 मध्ये बंद ट्रक आणि यंत्रं रांगेने उभी होती, त्यांच्या राखणीला माणूस लागतो हे कोणत्याही मुलाला खरं वाटेल. बाबा सांगतात, "ट्रकांच्या राखणीला जातो." रात्री घरात नसणं त्यात झाकलं जातं. ज्या थापेत अर्धं खरं असतं ती वर्षभर टिकते. आणि फी? "जुनी बिलं सुटली, त्यातून भरली." दोन्ही वाक्यं बापाच्या तोंडी सहज बसतात.

खरं काम मी बेकरीचं देईन. वॉचमनच्या कामातून घरात काहीच येत नाही. रात्र जाते आणि सकाळी महिन्याच्या पगाराशिवाय दाखवायला काही नसतं. बेकरीत मात्र बाबांनी रात्री केलेली वस्तू पहाटे पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, टोपलीतून त्यांच्याच दारात येते आणि सोहम ती चहात बुडवून खातो. तो रोज खात असतो आणि त्याला माहीत नसतं. नुसत्या या मांडणीवर कथा अर्धी उभी राहते.

पण हे काम लिहायचं तर ते ठाऊक हवं. एका जुन्या कथेसाठी मी तीन रात्री अशा बेकरीत बसून काढल्या होत्या, त्यातलं कामाचं तेवढं सांगतो. पीठ संध्याकाळी मळून ठेवतात. पूर्वी ते फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरत, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट. रात्री जेवणं झाल्यावर गोळे करणं सुरू होतं. पाव, उंडे, पोई, कातरे पाव, कांकणं, प्रत्येकाची घडण वेगळी. पोईचं पीठ गव्हाचं, वरून कोंडा भुरभुरलेला. तो कोंडा नसता तर ती फळीला चिकटली असती. भट्टी घुमटाच्या आकाराची असते आणि तिच्यात लाकडं जाळून ती तापवायला बराच वेळ जातो. तापली की निखारे बाजूला सारतात, काठीला गुंडाळलेल्या ओल्या फडक्याने आतली जमीन पुसतात आणि लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने गोळे आत सोडतात. पोई काही मिनिटांत फुगते. लवकर काढली तर मधली पोकळी धरत नाही आणि उशीर झाला तर चिवट होते. फावडं धरणारा माणूस त्या तोंडाशी रात्रभर उभा असतो. पहाटे टोपल्या भरतात आणि उजाडताना पोदेराची पों-पों वाड्यावाड्यात ऐकू येते.

यातल्या तीनच गोष्टी कथेत घ्या, बाकीच्या तुमच्या डोक्यात राहू देत.

एक म्हणजे हात. भट्टीच्या तोंडाशी काम करणाऱ्याच्या उजव्या हातावरचे केस मनगटापासून कोपरापर्यंत जळून आखूड होतात. भाजल्याचा डाग कुणाच्याही लक्षात येतो, त्यावर काहीतरी सांगावंही लागतं. केस नसलेला एक हात मात्र नुसता दिसत राहतो. मुलगा तो आठवडाभर बघेल आणि त्याला काही सुचणार नाही.

दुसरी म्हणजे धुणं. खाणीच्या काळात बाबांचा शर्ट भिजवला की बादलीतलं पाणी तांबडं व्हायचं. आता त्याच बादलीत पाणी पांढुरकं होतं आणि पीठ शिवणीत जाऊन खळीसारखं घट्ट बसतं, नखाने काढावं लागतं. ही गोष्ट आईच्या हातात द्या. कथा तिथूनच सुरू करा: पहाट, न्हाणीघर, आई शर्टाची कॉलर नखाने खरवडते आहे. अशाने वाचकाला पहिल्या पानावरच सगळं कळतं आणि सोहम तेव्हा आत झोपलेला असतो.

तिसरी म्हणजे पाऊस. जुलैत लाकडं ओली असतात. भट्टी तापायला वेळ लागतो, धूर जास्त होतो. गारव्यात पीठही हळू फुगतं. म्हणून पावसाळ्यात बाबा अर्धा-पाऊण तास उशिरा येऊ लागतात. उन्हाळ्यात सोहम उठायच्या आत ते आंघोळ करून बसलेले असायचे, आता तो ब्रश करत असताना स्कूटर आत येते. पाऊस पडत असताना राखणीचा माणूस उशिरा का सुटेल? शेडमध्येच तर बसायचं. पहिली शंका सोहमला इथे येऊ दे. बघा, थापेला भोक पडलं ते ओल्या लाकडांमुळे, योगायोगाची गरज लागली नाही. कथेतली घटना त्या कामाच्या पोटातून निघाली की वाचक मुकाट्याने पुढे जातो.

आता लपवण्याचं दुसरं कारण, आजी. आपल्याकडे काही जुन्या घरांत अजूनही एक माणूस सापडतं जे पोदेराचा पाव खात नाही. धर्मांतराच्या काळात विहिरीत पाव टाकून गाव बाटवले, ही हकिगत त्यांनी आपल्या आजीकडून ऐकलेली असते. घरात पाव येतो, नातू खातो, त्याला ती काही म्हणत नाही, पण स्वतः भाकरीच खाते. अशा घरातले बाबा आपण बेकरीत कामाला जातो हे आपल्या आईला कसं सांगणार? इथे सांभाळा मात्र. आजीला खलनायिका करू नका आणि तिच्यावर भाषणही लिहू नका. तिची ताटली वेगळी असते एवढंच दाखवा. बेकरीवाल्या घरालाही तसंच, माणसासारखं वागवा. त्यांनी अडचणीतल्या शेजाऱ्याला काम दिलंय आणि त्याचं नाव कुठे घेतलेलं नाही.

इथून मी म्हणतो त्या कथेचा गाभा सुरू होतो. बेकरी पलीकडच्या गावात, तीन किलोमीटरवर. तुम्ही गावातले आहात, खरं सांगा, तीन किलोमीटरवर काम करणाऱ्या माणसाची बातमी आपल्या वाड्यावर पोचायला किती दिवस लागतील? मी म्हणेन दोन. पोदेराला माहीत आहे, कारण टोपल्या तोच भरून नेतो. दुकानदाराला माहीत आहे, कारण उधारी अचानक वेळेवर फिटू लागली. शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला माहीत आहे, तो पहाटे त्याच रस्त्याने येतो आणि त्याला ती स्कूटर नेहमी भेटते. म्हणजे माहीत नाही ते फक्त सोहमला आणि, निदान दिसायला तरी, आजीला. बापाने एकट्याने हे गुपित ठेवलेलंच नाही, अख्ख्या वाड्याने सांभाळलं आहे. कुणी ठरवून नाही, कुणी बैठक घेऊन नाही, प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी जीभ आवरली. सोहमच्या हाती शेवटी जे लागतं ते हे. बाबा बेकरीत जातात ही बातमी त्याच्या मानाने छोटी आहे.

म्हणून कथेत दोन-तीन जागी हे सांभाळणं दिसू द्या, पण सोहमला त्याचा अर्थ लागू देऊ नका. तो दुकानात विचारतो, "बाबा आले होते?" आणि दुकानदार उगाच तराजू पुसतो. शाळेत एक मुलगा म्हणतो, "तुझा पप्पा तर..." आणि त्याची बहीण त्याचा दप्तराचा पट्टा ओढते. याहून जास्त नको. चौथी जागा घातलीत तर वाचकाला वाटेल की लेखक कोपराने ढोसतोय.

मग सोहमला कळतं कसं? ज्याला या सांभाळण्याची खबर नाही असा एक माणूस आणा. रोजचा पोदेर तापाने पडलाय आणि त्याचा भाचा टोपली घेऊन आला आहे. तो प्रसंग मी असा लिहीन:

पों-पों वाजली तेव्हा आई न्हाणीघरात होती. सोहम ताट घेऊन फाटकाशी गेला. सायकलवर नेहमीचा अंतोनमामा नव्हता, एक पोरगा होता, सोहमपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा. टोपलीवरचं निळं प्लास्टिक त्याला नीट उचलता येत नव्हतं, त्यावरचं पाणी त्याच्याच पायावर सांडलं.

"कितले पाव जाय?"

"चार पोई. दोन उंडे."

पोऱ्याने मोजून ठेवले. सोहमने खिशातून पैसे काढले. एरवी तो पैसे देत नसे, महिन्याचा हिशेब आई बघायची. पण हा माणूस नवा, उगाच उधारी नको.

"राहू दे," पोरगा म्हणाला. "तुमचे पैसे कापतात ना तिथेच."

"कुठे?"

"तुझ्या पप्पाच्या रात्रीच्या हिशेबात." त्याने पेडलवर पाय ठेवला. "मामाने यादी दिलीय. तुमच्या नावापुढे फुली आहे."

पुढच्या घरापाशी पुन्हा पों-पों वाजली. सोहमच्या हातातलं ताट गरम होतं. सगळ्यात वरची पोई अजून फुगलेली होती, बोट लावलं तशी ती हळूच खाली बसली आणि बोटाला कोंडा लागला.

इथे थांबा. सोहमला काय वाटलं ते लिहू नका. वाचकाला पहिल्या पानापासून माहीत आहे, त्यामुळे तो या क्षणाची वाट बघतच बसला आहे, त्याला मदतीची गरज नाही. पैसे "कापतात" हा शब्द मुद्दाम ठेवला आहे. गेले कित्येक महिने घरात आलेला प्रत्येक पाव बापाच्या मजुरीतून वजा होत होता, आणि आई महिन्याचा हिशेब "बघते" म्हणजे काय करत होती, हे त्या एका शब्दातून मागे जाऊन उलगडतं.

यानंतर तुमच्या मसुद्यात सोहम रडतो. मी त्याला त्या दिवशी शाळेत पाठवीन. बसमध्ये ड्रायव्हर आरशात त्याच्याकडे बघतो आणि आज सोहमही त्याच्याकडे बघतो. मग गणिताच्या तासाला तो वहीच्या शेवटच्या पानावर एक हिशेब मांडतो. मुलं हे करतात. हे आकडे मी कथेसाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या भागातल्या माणसांना विचारून बदला: फी वर्षाला 24,000, बसचे 6,000, मिळून 30,000. रात्रीचे 250 रुपये. तीस हजार भागिले अडीचशे, उत्तर 120. एकशेवीस रात्री. पावांचे पैसे वजा जातात, म्हणजे थोड्या जास्तच. आठवड्याला चार रात्री धरल्या तर तीस आठवडे, जून ते जानेवारी. मग तो आणखी एक भागाकार करतो: शाळेचे दिवस साधारण दोनशे, म्हणजे शाळेचा एक दिवस बाबांच्या अर्ध्या रात्रीहून जास्त. गेल्या आठवड्यात पोट दुखतंय सांगून तो एक दिवस घरी राहिला होता.

हे सगळं नीट जुळलं पाहिजे, हे माझं आग्रहाचं सांगणं. अशा कथांमध्ये पैशांचा हिशेब लेखकाने केलेलाच नसतो, असा माझा अनुभव आहे. बाप रात्री काम करतो, फी भरली जाते, किती रात्रींत किती फी ते कुणी मोजत नाही. वाचकही मोजत नाही, पण न मोजलेला कष्ट त्याला मोघम लागतो. तुमच्या मसुद्यात "बाबांनी माझ्यासाठी किती कष्ट घेतले" असं वाक्य तीनदा आलं आहे. तिन्ही काढा आणि त्यांच्या जागी 120 हा आकडा एकदाच ठेवा. घरखर्च आणि ट्रकचा हप्ता कशातून जातो तेही तुम्हाला माहीत असू द्या. बाबा दिवसा कुणाचा तरी टेम्पो चालवतात असं धरा, त्यातून चूल चालते, आणि बँकेचे दोन हप्ते थकले आहेत. कथेत यातलं एक वाक्य पुरे. पण दिवसा टेम्पो आणि रात्री भट्टी म्हणजे माणूस झोपतो कधी, हा प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारा, म्हणजे दुपारच्या जेवणानंतर ताटावर बसल्या बसल्या डोळा लागलेला बाप आपोआप सुचेल.

भाषेबद्दल एक. तुम्ही सोहमच्या घरात पुस्तकी मराठी बोलायला लावली आहे. डिचोलीच्या घरात कोकणी आणि मराठी कशी मिसळते ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. निवेदन मराठीत राहू द्या, पण पोदेराला आणि आजीला एखाद-दुसरं वाक्य त्यांच्या बोलीत बोलू द्या. शब्दाचा अर्थ बाजूला देऊ नका. ताट पुढे आलं आहे, पोरगा पाव मोजतो आहे, पुण्या-नागपूरचा वाचकही "कितले पाव जाय" समजून घेईल.

आता शेवट. मिठी खोटी वाटते, कारण तुमच्याच कथेतले बाबा मिठी मारणारे नाहीत. नऊ पानं ते मुलाशी दप्तर आणि छत्रीखेरीज काही बोललेले नाहीत, आणि दहाव्या पानावर ते त्याला उराशी कसे धरतील? शिवाय सोहमने "मला सगळं कळलं" असं तोंडावर सांगितलं तर वाड्याने इतके महिने सांभाळलेली गोष्ट तो एका वाक्यात मोडतो. त्याला कळलं आहे हे बाबांना समजायला हवं, आणि तरी कुणी ते म्हणता कामा नये. हे कसं करायचं यावर मी बराच विचार केला. कामाचीच एखादी गोष्ट दोघांच्या मध्ये ठेवली तर जमेल असं वाटतं:

दुसऱ्या दिवशी बाबा आले तेव्हा सोहम चहाला बसला होता. अंतोनमामा बरा होऊन परत आला होता, पाव तोच देऊन गेला होता. बाबांनी डोकं पुसलं, पाट ओढला. आजी चुलीपाशी तिची भाकरी थापत होती.

सोहमने पोई उलटी करून पाहिली.

"आज कोंडा कमी आहे याच्यावर."

"पोतं भिजलं," बाबा म्हणाले. "वरचा तेवढाच..."

भाकरीवरचा आजीचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. आईने चहाचा पेला बाबांसमोर ठेवला. सोहमने पोईचे दोन भाग केले आणि मोठा त्यांच्या ताटलीत ठेवला.

कथा इथे संपवा. बाबांचं अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण करू नका, त्यांनी मान वर केली की नाही तेही सांगू नका. दमलेला माणूस, त्याच्या कामाबद्दल कुणी नेमका प्रश्न विचारला तर विचार न करता खरं उत्तर देऊन जातो. म्हणून सोहमचं वाक्य बेकरीतल्या माणसाने बोलावं तसं हवं. "बाबा, तुम्ही दमता का?" असं तो विचारेल तर बाबा सावध होतील.

आजीचा हात थांबला हे मी लिहिलं खरं, पण तिला किती माहीत होतं हे मी ठरवलेलं नाही. ते तुम्हाला ठरवावं लागेल आणि त्याप्रमाणे मागे जाऊन एक जागा दुरुस्त करावी लागेल. तिला नुकतंच कळलं असेल तर हे शेवटचं पान तिचंही होईल आणि तिचा हात थांबणं थोडं लांबवावं लागेल. तिला आधीपासून माहीत होतं असं धरलंत, तर पहिल्या पानावर आई कॉलर खरवडत असताना आजी न्हाणीघराच्या दाराशी येऊन, काही न बोलता, गरम पाण्याचा तांब्या उचलून गार पाण्याचा ठेवून जाऊ शकते. पीठ गरम पाण्याने आणखी घट्ट बसतं, गार पाणी लागतं. भाकरीचं पीठ आयुष्यभर हाताळलेल्या बाईला हे ठाऊक असणारच. मला हा दुसरा पर्याय जास्त पटतो.

लिहायला बसण्याआधी एकदा रात्री तुमच्या जवळच्या भट्टीवर जाऊन या. आधी दिवसा जाऊन मालकाला विचारा, रात्री अकराच्या सुमारास पोचा आणि टोपल्या निघेपर्यंत थांबा. वही काढू नका, त्यांच्या हातांना वेळ नसतो आणि लिहिणारा माणूस बाजूला असला की ते बोलायचे थांबतात. फावडं धरणारा कोणत्या पायावर भार देतो, घाम कशाने पुसतो आणि पाणी कधी पितो, एवढं बघून या. आणि कथेतला जुलै खरा हवा असेल तर पावसातच जा.